तीन टक्के इकडे, तीन टक्के तिकडे

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात महाविकास आघाडीला ३० जागा मिळाल्या, महायुतीला १७, आणि सांगलीची जागा अपक्षाने नेली. नुसत्या जागा पाहिल्या तर वाटतं, वारं एकाच दिशेने वाहत होतं. मतांची बेरीज मात्र वेगळंच सांगते. राज्यभरात दोन्ही आघाड्यांना ४४ टक्क्यांच्या आसपास मतं होती आणि दोघांतलं अंतर अर्ध्या टक्क्याहूनही कमी होतं. मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल तर ४८ मतांनी लागला.

समजा, मतदानाच्या आठवडाभर आधी एखाद्या संस्थेने राज्यातल्या १,००० मतदारांना विचारलं असतं, आणि काम अगदी चोख केलं असतं. तिच्या अहवालात आलं असतं, ‘पहिल्या आघाडीला ४४ टक्के, दुसरीला ४२ टक्के.’ खाली बारीक अक्षरात ‘मार्जिन ऑफ एरर ±३ टक्के’. वर ठळक मथळा, ‘पहिली आघाडी पुढे’. या तीन गोष्टींपैकी मथळ्याला काहीच आधार नाही. तो का नाही, हे त्या बारीक अक्षरातल्या आकड्यातूनच कळतं. मराठीत त्याला त्रुटीची कक्षा म्हणता येईल. पण बातम्यांत इंग्रजी नावच रुळलं आहे.

ही त्रुटी येते कुठून, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं. संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये A1 या घरात पुढचं पहिलं सूत्र लिहा आणि ते A1000 पर्यंत खाली ओढा. शेजारच्या एखाद्या रिकाम्या घरात दुसरं सूत्र लिहा.

```
=RAND()
=COUNTIF(A1:A1000,"<0.44")/10
```

पहिलं सूत्र प्रत्येक घरात ० ते १ यांच्या मधली एक संख्या निव्वळ नशिबाने टाकतं. ती ०.४४ पेक्षा कमी निघाली तर तो ‘मतदार’ पहिल्या आघाडीचा समजायचा. म्हणजे या बनावट राज्यात खरा पाठिंबा किती, हे आपणच ठरवलेलं आहे: बरोबर ४४ टक्के. दुसरं सूत्र आपल्या हजार मतदारांच्या नमुन्यात तो किती भरला ते दाखवतं. आता F9 ही कळ दाबत राहा. प्रत्येक दाबाला एक नवं सर्वेक्षण होईल. कधी ४३.१ येईल, कधी ४५.६, कधी ४१.८. कुणी खोटं बोललेलं नाही, कुणी मत बदललेलं नाही, आकडे भरणाऱ्याची चूक झालेली नाही. तरीही उत्तर हलतं, कारण दर वेळी वेगळी हजार माणसं हाती लागतात. या हलण्याचा पल्ला म्हणजे मार्जिन ऑफ एरर.

पुरेशा वेळा कळ दाबली तर दिसतं, की वीसपैकी साधारण एकोणीस वेळा उत्तर ४१ ते ४७ यांच्या मध्ये पडतं. उरलेल्या एखाद्या वेळी ते त्याबाहेर जातं. सर्वेक्षणाच्या अहवालात ‘९५ टक्के विश्वासपातळी’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच. याचीच दुसरी बाजू अशी, की चोख केलेल्या वीस सर्वेक्षणांतलं एखादं या कक्षेबाहेर जाणारच. ते कोणतं, हे मात्र त्याच्याकडे पाहून ओळखता येत नाही.

सूत्रातला १००० बदलून १०० करा. (शेवटचा /10 तेवढा काढून टाका.) आता उत्तर बेभान उड्या मारू लागेल: ३४ ते ५४. माणसं दहापट कमी झाली, पल्ला मात्र दहापट वाढला नाही. तिपटीहून थोडा जास्त वाढला. हे गणित नेमकं कसं चालतं?

नाणं १०० वेळा उडवलं तर ५० छाप अपेक्षित असतात, पण प्रत्यक्षात ४० ते ६० मध्ये कितीही येऊ शकतात. म्हणजे दहाची चुकामूक. तेच नाणं १०,००० वेळा उडवलं तर ५,००० अपेक्षित, आणि चुकामूक साधारण १०० ची. नाणं शंभरपट वेळा उडवलं, चुकामूक फक्त दहापट वाढली, कारण इकडच्या चुका आणि तिकडच्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात. सगळ्या खात नाहीत, पण बऱ्याचशा. आता टक्क्यांत बघा. शंभरांत दहा म्हणजे १० टक्के, दहा हजारांत शंभर म्हणजे १ टक्का. त्रुटी नमुन्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आक्रसते, ती अशी.

यातून तोंडी हिशेबाचा एक सोपा नियम निघतो. १०० ला नमुन्याच्या वर्गमुळाने भागा. जे येईल ते टक्के म्हणजे मार्जिन. १०० माणसांना विचारलं तर १० टक्के, ४०० ना विचारलं तर ५, २,५०० ना विचारलं तर २, १०,००० ना विचारलं तर १. हजारांचं वर्गमूळ साधारण ३२, म्हणून ३ टक्के. नेमकं सूत्र असं आहे, p म्हणजे मिळालेलं प्रमाण आणि n म्हणजे नमुना:

```
1.96 * sqrt(p * (1 - p) / n)
```

प्रमाण ५० टक्क्यांच्या जवळपास असेल तिथे ही त्रुटी सगळ्यात मोठी असते, आणि आपला तोंडी नियम त्याच ठिकाणचा आहे. ज्या पक्षाला ५ टक्केच पाठिंबा आहे, त्याच्याबाबत हजारांच्या नमुन्यात त्रुटी ±१.४ टक्के इतकीच राहते. पण लहान पक्षाच्या दृष्टीने ती लहान नाही. ५ चे साडेतीन की साडेसहा, यात जवळपास दुपटीचा फरक पडतो.

वर्गमुळाचा हा नियम सर्वेक्षण करणाऱ्यांच्या खिशावर भारी पडतो. त्रुटी निम्म्यावर आणायची तर माणसं चौपट लागतात. ३ टक्क्यांवरून दीड टक्क्यावर यायचं तर हजारांऐवजी ४,००० दारं ठोठावायची, पाऊण टक्क्यावर यायचं तर १६,०००. प्रश्नावली घेऊन फिरणाऱ्यांचा पगार, प्रवास, मुक्काम सगळंच चौपट. म्हणून अनेक सर्वेक्षणं हजार ते अडीच हजारांवर थांबतात. त्यापुढे प्रत्येक दशांश फार महाग पडतो.

इथे अनेकांना एक शंका येते, आणि ती रास्त वाटते. महाराष्ट्रात ९ कोटींहून जास्त मतदार. त्यातल्या हजारांनी काय होणार? नऊ कोटींना निदान नऊ लाख तरी नकोत का? नकोत. सूत्रात लोकसंख्या कुठेच नाही, हे एकदा निरखून पाहा. शितावरून भाताची परीक्षा करताना पातेलं घरचं आहे की लग्नाच्या पंगतीचं, यावर शितांची संख्या ठरत नाही. भात नीट हलवलेला हवा, एवढंच. नऊ कोटींच्या महाराष्ट्राला हजारांचा नमुना ±३.१ टक्के देतो, आणि सुमारे ९७ कोटी मतदारांच्या देशालाही तेवढंच देतो. लोकसंख्येचा फरक पडतो तो फक्त नमुना तिचा मोठा हिस्सा व्यापू लागला की. २,००० मतदारांच्या गावात १,००० जणांना विचारलं, तर निम्मं गावच विचारून झालं. तिथे त्रुटी ३.१ वरून २.२ टक्क्यांवर येते. एक लाखाच्या शहरात हा फायदा जवळजवळ नाहीसा होतो.

मग सरकारी सर्वेक्षणं एवढी अवाढव्य का असतात? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ६,३६,६९९ घरांत जाऊन माहिती घेतली गेली. देशाचं एक सरासरी उत्तर हवं असतं तर एवढ्याची गरज नव्हती. पण त्या सर्वेक्षणाला ७०७ जिल्ह्यांचं वेगवेगळं उत्तर द्यायचं होतं. भागाकार केला की जिल्ह्यामागे ९०० घरं येतात, म्हणजे आपला तोच ओळखीचा हजाराच्या आसपासचा आकडा. प्रत्येक जिल्ह्याला स्वतःचा नमुना लागतो. शेजारच्या जिल्ह्यातली माणसं त्याच्या कामी येत नाहीत.

हाच मुद्दा उलट बाजूने बातमीत पाहायला मिळतो. हजार जणांच्या सर्वेक्षणातून ‘कोकणात अमुक पक्षाला पसंती’, ‘तरुण महिलांचा कल तमुककडे’ असे उपमथळे निघतात. हजारांत कोकणातले किती असतील? समजा १२०. मग त्या १२० जणांच्या उत्तराला ±३ नव्हे, ±९ टक्क्यांची त्रुटी आहे. त्यातल्या तरुण महिला तीस असतील तर ±१८. खाली छापलेला ±३ हा फक्त सगळ्या हजारांच्या बेरजेचा असतो. जितके तुकडे कराल, तितकी प्रत्येक तुकड्याची त्रुटी फुगते, आणि ती सहसा छापली जात नाही.

आता ‘४४ विरुद्ध ४२’ कडे येऊ. पहिल्या आघाडीचा आकडा ±३, दुसरीचाही ±३. पण मथळा दोन्हींपैकी एकाही आकड्याबद्दल नाही. तो त्यांच्यातल्या अंतराबद्दल आहे. नमुन्यात पहिल्या आघाडीचे चारदोन मतदार नशिबाने जास्त आले, तर बहुतेक वेळा ते दुसरीच्या वाटणीतून कमी झालेले असतात. एकीकडे भर, दुसरीकडे घट. त्यामुळे अंतराची त्रुटी एकेकट्या आकड्याच्या त्रुटीच्या जवळपास दुप्पट निघते. आपल्या उदाहरणात ती ±५.७ टक्के येते. सर्वेक्षण म्हणतं, अंतर २ टक्के. याचा खरा अर्थ: पहिली आघाडी पावणेआठ टक्क्यांनी पुढे असू शकते किंवा पावणेचार टक्क्यांनी मागे. ‘पहिली आघाडी पुढे’ हा मथळा यातून निघत नाही. अर्थात सगळ्या शक्यता सारख्या नाहीत; ती पुढे असण्याची शक्यता मागे असण्यापेक्षा जास्त आहे. पैज लावायला एवढं पुरेल, मथळा द्यायला नाही.

मग २०२४ मधलं खरं अंतर, अर्ध्या टक्क्याच्याही आतलं, ओळखायला किती माणसं लागली असती? अंतर पुरतं अर्धा टक्का धरलं तरी नमुना सुमारे १ लाख ३४ हजारांचा हवा. अंतर त्याहून कमी होतं, म्हणजे माणसं आणखी जास्त. आणि एवढं करून राज्याच्या बेरजेत कोण पुढे, एवढंच कळलं असतं. ३० आणि १७ हे आकडे मतं कुठे दाटली आणि कुठे विखुरली यावरून ठरले. टक्क्यांवरून जागा काढायला आणखी एक अंदाज बांधावा लागतो, आणि त्याची त्रुटी या ±३ मध्ये धरलेलीच नसते.

आतापर्यंतचा सगळा हिशेब एका अटीवर उभा आहे: प्रत्येक मतदाराची निवड स्वतंत्र चिठ्ठी काढल्यासारखी झाली. स्प्रेडशीटमध्ये हे जमतं, गावात जमत नाही. राज्यभर विखुरलेल्या हजार घरी एकेक माणूस पाठवणं परवडत नाही. म्हणून आधी काही मतदारसंघ निवडतात, त्यांतली काही मतदान केंद्रं, आणि मग केंद्राच्या मतदार यादीतून ठरावीक अंतरावरची नावं. समजा ५० केंद्रं आणि प्रत्येकी २० मतदार. पण एका केंद्राचे मतदार एकाच वस्तीतले, पुष्कळदा एकाच भावकीतले असतात. त्यांची मतं थोडीफार एकसारखी असतात. पहिल्या पाच जणांनी जे सांगितलं, तेच उरलेल्या पंधरांपैकी अनेकांनी सांगितलं, तर त्या पंधरांकडून नवं फारसं काही कळलं नाही. केंद्रातले सगळेच एकमताचे असते, तर आपण हजार नव्हे, पन्नासच माणसांना विचारलं असं झालं असतं. प्रत्यक्षात साम्य इतकं नसतं, पण ते थोडं असलं तरी हजारांचा नमुना पाचशेंच्या किमतीचा होऊ शकतो. मग त्रुटी ±३ ची ±४.४ होते. चांगल्या संस्था हा हिशेब करून मोठा आकडा छापतात. बाकीच्या सूत्रात सरळ १,००० घालून मोकळ्या होतात.

इथवरच्या त्रुटीवर निदान माणसं वाढवण्याचा उतारा आहे. काही चुकांवर तोही चालत नाही. हे ज्यांनी फार नेमकेपणाने दाखवून दिलं, ते सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९४०च्या दशकात देशात पीक कापणीची सर्वेक्षणं सुरू होती. शेतात एक तुकडा आखायचा, त्यातलं पीक कापून तोलायचं आणि त्यावरून जिल्ह्याचं उत्पादन काढायचं. तुकडा केवढा असावा यावर वाद होता. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांचे पुरस्कर्ते होते. लहान तुकडे स्वस्त, म्हणून पुष्कळ कापता येतात, आणि पुष्कळ म्हणजे त्रुटी कमी. सुखात्म्यांनी दाखवलं, की लहान तुकड्यांतून उत्पादन सातत्याने जास्त दिसतं. कारण साधं होतं. आखलेल्या दोरीवरच उभं असलेलं रोप आतलं की बाहेरचं? कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे वळतो.

हिशेब करून बघा. समजा, कापणारा चारही बाजूंना दोन सेंटिमीटरची पट्टी नकळत आत घेतो. तुकडा एक मीटर लांब-रुंद असेल, तर प्रत्यक्षात १.०४ गुणिले १.०४ मीटरचं पीक कापलं गेलं, म्हणजे ८ टक्के जास्त. तुकडा दहा मीटर बाय पाच मीटर असेल, तर तीच दोन सेंटिमीटरची पट्टी फक्त १.२ टक्के भर घालते. आता लहान तुकडे शंभराऐवजी दहा हजार कापा. नशिबाची त्रुटी दहा पटींनी घटेल, पण ती ८ टक्क्यांची फुगवटी तशीच राहील. मोठा नमुना इथे चुकीचं उत्तर अधिक ठामपणे सांगतो.

निवडणुकीच्या सर्वेक्षणात दोरीवरची रोपं असतात ती दार न उघडणारी माणसं. यादीतून निवडलेला मतदार ऊसतोडीला गेलेला असतो, कारखान्याच्या पाळीवर असतो किंवा नुसतंच ‘आम्हाला काही सांगायचं नाही’ म्हणून दार लावतो. प्रश्नावली घेऊन आलेल्या मुलाला दिवसाला ठरलेले फॉर्म भरायचे असतात. तो शेजारच्या ओट्यावर बसलेल्या बोलक्या गृहस्थांना विचारतो. बोलके आणि न बोलणारे यांची मतं सारखी असतील तर बिघडत नाही. ती वेगळी असतील, तर आकडा एका बाजूला झुकतो आणि ±३ च्या हिशेबात त्याचा पत्ताही लागत नाही. सोसायटीच्या फाटकावर सुरक्षा रक्षकाने अडवलेली इमारत, पाहुण्यासमोर मनातलं न बोलणारी सून, भीतीपोटी सत्तेतल्या पक्षाचं नाव घेणारा दुकानदार, सगळे याच खात्यात मोडतात. म्हणून लाखोंच्या नमुन्याचा डंका ऐकला की आधी बघावं, की माणसं निवडली कशी आणि निवडलेल्यांपैकी खरोखर भेटली किती.

या न दिसणाऱ्या चुका एकूण केवढ्या असतात, याचा एक अंदाज अमेरिकेत घेतला गेला. अँड्र्यू गेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ६०८ निवडणुकांआधीची ४,२२१ सर्वेक्षणं प्रत्यक्ष निकालांशी ताडून पाहिली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष मांडला: खरी चूक ही छापलेल्या मार्जिनवरून अपेक्षित चुकीच्या सुमारे दुप्पट असते. शिवाय एकाच निवडणुकीची निरनिराळी सर्वेक्षणं बहुधा एकाच बाजूला चुकतात, कारण दार न उघडणारी माणसं सगळ्याच संस्थांना सारखीच हुलकावणी देतात. त्यामुळे पाच सर्वेक्षणांची सरासरी काढली की नशिबाची त्रुटी कमी होते, झुकाव मात्र कायम राहतो.

आपल्याकडच्या सर्वेक्षणांसाठी हा दुपटीचा आकडा जसाच्या तसा लागू होईलच असं नाही. पण ±३ हा त्रुटीचा किमान आकडा आहे, कमाल नव्हे, एवढं त्यातून नक्की घेता येतं. तो दुप्पट धरला तर एकेका आकड्याला ±६, आणि दोघांतल्या अंतराला ±११-१२. अशा मापाने पुढचं सर्वेक्षण वाचायला घेतलं, की ५५ विरुद्ध ३५ ही बातमी ठरते, आणि ४४ विरुद्ध ४२ चा प्रामाणिक मथळा एकच उरतो: ‘लढत अटीतटीची, कोण पुढे, ते या सर्वेक्षणाला सांगता येत नाही.’